कागदापासून राजीनाम्यापर्यंत : मराठीच्या नित्य व्यवहारातील फारसी-अरबी शब्द

(मराठी भाषक कर्मचारी व भाषांतरकार यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपणांपैकी बहुतेकांचा दिवस कागदावर सुरू होतो आणि कागदावरच संपतो. म्हणून व्याख्यानाचा आरंभ मी एका कार्यालयीन वाक्यानेच करतो. “अर्जदाराने जातीने हजर राहून जमिनीच्या कागदांच्या नकला दाखल कराव्यात.” या वाक्यात न समजण्यासारखे काही नाही. खेड्यातील अशिक्षित मनुष्यालाही ते समजते. परंतु त्यातील शब्द एकेक करून पाहिले तर अर्जदार, जातीने, हजर, जमीन, कागद, नक्कल, दाखल हे सातही शब्द अरबी किंवा फारसी मूळचे आहेत. मराठीचे म्हणून जे उरते ते म्हणजे ‘ने’, ‘च्या’ हे प्रत्यय आणि ‘राहून’, ‘कराव्यात’ ही क्रियापदे. असे असूनही हे वाक्य पूर्णपणे मराठी आहे. तेहरानच्या मनुष्याला ते कळणार नाही आणि लखनौच्या मनुष्याला अर्धेच कळेल.

या घटनेचा उलगडा करणे हा आजच्या बोलण्याचा एक भाग आहे. दुसरा भाग अधिक व्यावहारिक आहे. आपण इंदूर-ग्वाल्हेरकडे असा, बडोद्याकडे असा, बेळगाव किंवा हैदराबादकडे असा, आपल्याला मराठीच्या जोडीला हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू किंवा उर्दू कागद हाताळावे लागतात आणि त्यांचा गोषवारा पुष्कळदा इंग्रजीत द्यावा लागतो. तेथे हेच ओळखीचे शब्द आपल्याला फसवतात. मीही एकदा फसलो आहे. ती हकीकत मी शेवटी सांगेन.

प्रथम ‘कागद’ हाच शब्द घेऊ. फारसीत याची दोन रूपे होती, एक ‘द’कारान्त आणि एक ‘ज’कारान्त. हिंदीने ‘कागज’ हे रूप घेतले आणि मराठीने ‘कागद’ हे घेतले. कन्नडातही ‘कागद’च आहे आणि गुजरातीत त्याचा ‘कागळ’ झाला. तेव्हा ‘कागद’ हा ‘कागज’चा अपभ्रंश आहे अशी जी समजूत आढळते ती खरी नाही. दोन्ही रूपे सारखीच जुनी आणि प्रतिष्ठित आहेत. इंग्रजीत याला ‘पेपर’ म्हणावे हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ‘माझे कागद अजून आले नाहीत’ असे एखादा निवृत्त कर्मचारी म्हणतो तेव्हा तेथे ‘डॉक्युमेंट्स’ हा अर्थ असतो, आणि जुन्या पत्रांत ‘तुमचा कागद पावला’ असे येते तेथे ‘लेटर’ हा अर्थ असतो. शब्द एक, परंतु इंग्रजी प्रतिशब्द तीन. यातून एक साधा नियम हाती येतो. प्रतिशब्द एकट्या शब्दाला द्यायचा नसतो, वाक्यातील त्याच्या कामाला द्यायचा असतो.

‘नोकरी’ची कथा याहून लांबची आहे. ‘नोकर’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, पण तो मूळचा फारसीही नव्हे आणि अरबीही नव्हे. तो मंगोल भाषेतला आहे. तेथे ‘नोकोर’ म्हणजे सोबती, सरदाराच्या संगतीने लढणारा विश्वासू माणूस. तेराव्या शतकात मंगोलांनी इराण जिंकले तेव्हा तो फारसीत शिरला. फारसीने त्याला भाववाचक ‘ई’ लावली आणि ‘नोकरी’ तयार झाली. पुढे मराठीत या दोन शब्दांची फारकत झाली. ‘नोकर’ हा इंग्रजीतील ‘सर्व्हंट’च्या पायरीवर उतरला, आणि ‘नोकरी’ मात्र ‘सर्व्हिस’ किंवा ‘जॉब’ या प्रतिष्ठित अर्थाने टिकली. आपण ‘मी नोकरी करतो’ असे अभिमानाने म्हणतो, ‘मी नोकर आहे’ असे म्हणत नाही. त्या अर्थासाठी ‘नोकरदार’ हा वेगळा शब्द आपण घडवून घेतला. आणि गंमत पाहा, या मंगोल नोकरीचा मोबदला म्हणून आपण जो ‘पगार’ घेतो तो शब्द पोर्तुगीज आहे. गोव्याच्या वाटेने तो मराठीत आला. म्हणून जो शब्द संस्कृत दिसत नाही तो फारसीच असला पाहिजे, असा तर्क करणे धोक्याचे आहे.

आता हे शब्द मराठीत कसे रुळले ते पाहू. त्यात दोन गोष्टी घडल्या. ध्वनी बदलले आणि शब्दांना मराठी व्याकरण लागले.

अरबी लिपीत ‘ज’च्या जवळचे चार निरनिराळे वर्ण आहेत. फारसी उच्चारात त्या चारांचा एकच घर्षक ध्वनी होतो, आणि मराठीत तो आपल्या ‘ज’मध्ये मिसळून जातो. अर्ज, हजर, जमीन, जुलूम या शब्दांतील ‘ज’ मूळ लिपीत एकाच अक्षराने लिहिलेला नाही. आपण मात्र तो एकाच अक्षराने लिहितो. ‘क’चेही तसेच आहे. ‘कलम’ आणि ‘कायदा’ यांतील ‘क’ अरबीत कंठाच्या अगदी आतून उच्चारला जातो. ‘कागद’मधील ‘क’ साधा आहे. मराठीने दोन्ही एक केले. ही सोय आहे. परंतु तिची किंमतही आहे. ‘तकरीर’ आणि ‘तक्रार’ हे दोन शब्द घ्या. मराठ्यांच्या राज्यातील न्यायाच्या कागदांत ‘तकरीर’ नेहमी येते. तिचा अर्थ पक्षकाराने आपल्या बाजूने दिलेले निवेदन, म्हणजे इंग्रजीतील ‘स्टेटमेंट’. ‘तक्रार’ म्हणजे ‘कम्प्लेंट’. अरबीत हे दोन शब्द दोन वेगळ्या ‘क’कारांचे आणि दोन वेगळ्या धातूंचे आहेत. मराठीत ते सख्ख्या बहिणींसारखे दिसतात, आणि मोडी कागद घाईने वाचणारा एकीच्या जागी दुसरी वाचतो. उर्दूत ‘तकरीर’ म्हणजे व्याख्यान. म्हणजे मी आता करीत आहे ती तकरीर आहे, तक्रार नव्हे, हे कृपया लक्षात ठेवावे.

जोडाक्षराने संपणारे अरबी शब्द मराठी जिभेला अवघड वाटले. ‘हुक्म’, ‘जुल्म’, ‘मुल्क’ यांच्या शेवटच्या जोडाक्षरात आपण एक स्वर घातला आणि हुकूम, जुलूम, मुलूख असे शब्द केले. ‘कुफ्ल’मधील अक्षरांची तर अदलाबदल झाली आणि ‘कुलूप’ तयार झाले. ‘नक्ल’, ‘अक्ल’, ‘शक्ल’ यांचे नक्कल, अक्कल, शक्कल झाले. पण याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. या शब्दांना विभक्ती लावा. हुकूम, पण हुकमाने. जुलूम, पण जुलमाने. मुलूख, पण मुलखात. कुलूप, पण कुलपाला. अक्कल, पण अकलेने. आपण घातलेला स्वर प्रत्यय लागताच क्षीण होतो किंवा गळतो, आणि बोलताना मूळचे ‘हुक्म’, ‘जुल्म’ पुन्हा ऐकू येते. हे कोणी शिकवीत नाही. लहान मूलही ते बरोबर बोलते. परका शब्द भाषेच्या किती आत गेला आहे याची यापेक्षा चांगली खूण मला माहीत नाही.

लेखनाच्या दृष्टीनेही येथे एक उपयोगी सूत्र आहे. मराठी शुद्धलेखनात तत्सम नसलेल्या अकारान्त शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षरातील इकार-उकार दीर्घ लिहावा असा नियम आहे. फारसी-अरबी शब्द तत्सम नव्हेत. म्हणून वकील, जमीन, मंजूर, नमूद, वसूल हे दीर्घ. परंतु पुढे प्रत्यय लागला की तोच स्वर ऱ्हस्व होतो, जसे वकिलाने, जमिनीचा, मंजुरी, वसुली. आपल्या टिप्पण्यांत ‘वकीलाने’ आणि ‘मंजूरी’ हे लेखन फार दिसते. शब्दाचे कूळ लक्षात ठेवले तर ही चूक सहज टळते.

व्याकरणाबरोबर घडणही मराठी झाली. आपण फारसीतून केवळ शब्द घेतले नाहीत. शब्द घडविण्याची साधनेही घेतली. ‘दार’, ‘खोर’, ‘गैर’, ‘बे’, ‘ना’ ही ती साधने. ‘भांडखोर’मधील भांडण आपले आहे आणि ‘खोर’ फारसी आहे. ‘गैरसमज’मधील ‘गैर’ अरबी आणि ‘समज’ आपली. हा इंग्रजी ‘मिसअंडरस्टँडिंग’चा अगदी जुळणारा प्रतिशब्द आहे. ‘जबाबदार’ हा शब्द तर विचार करण्याजोगा आहे. ‘जबाब’ म्हणजे उत्तर, ‘दार’ म्हणजे धारण करणारा. ज्याच्यावर उत्तर देण्याची पाळी येते तो जबाबदार. इंग्रजीत ‘रिस्पॉन्सिबल’मध्येही उत्तर देण्याचीच कल्पना आहे. दोन दूरच्या भाषांनी जबाबदारीची कल्पना एकाच वाटेने गाठली.

या सरमिसळीचा सर्वांत चांगला नमुना आपल्या टेबलावर रोज असतो. त्याचे नाव ‘नाहरकत प्रमाणपत्र’. ‘ना’ फारसी, ‘हरकत’ अरबी, ‘प्रमाणपत्र’ संस्कृत, आणि कल्पना इंग्रजी ‘नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेट’ची. ‘कलमान्वये’ हा शब्दही तसाच आहे. अरबी कलमाला संस्कृत ‘अन्वय’ जोडून, शिवाय संधी करून, आपण तो घडविला. ‘कलम’चे इंग्रजी प्रतिशब्द मात्र प्रसंगाप्रमाणे बदलतात. लिहिण्याचे ते ‘पेन’, कायद्याचे ते ‘सेक्शन’, आणि आंब्याचे ते ‘ग्राफ्ट’. बोरूचे टोक जसे तिरपे छाटतात तशी झाडाची फांदी छाटून कलम करतात, हे ध्यानात घेतले की या अर्थांतील दुवा दिसतो.

हे शब्द काढून टाकण्याचा प्रयत्न झाला नाही काय? झाला, आणि तो फार मोठ्या अधिकाराने झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला. त्यात दरबार, खजिना, किल्ले, लष्कर यांसंबंधीच्या तेराशेंहून अधिक शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी पेशवा हे मुख्यप्रधान झाले, मुजुमदार अमात्य झाले, सुरनीस सचिव, डबीर सुमंत आणि सरनौबत सेनापती झाले. आज आपण ‘सेक्रेटरी’ला सचिव म्हणतो त्यामागे ही परंपरा आहे. परंतु त्या प्रयत्नाचा निकाल नीट पाहिला पाहिजे. पदांची नावे टिकली. ती हुकमाने बदलता येतात, कारण पद देणारा आणि नाव देणारा एकच असतो. कागद, हजर, जमीन, वसूल हे मात्र जागचे हलले नाहीत, कारण ते बाजारात, शेतात आणि स्वयंपाकघरात पोहोचले होते. ‘पेशवा’ हा शब्ददेखील लोकांच्या तोंडून गेला नाही. पुढे त्याच नावाने एक संपूर्ण कालखंड ओळखला गेला.

दुसरा प्रयत्न वेगळ्या धोरणाचा होता आणि आपल्यासारख्यांना तो अधिक उपयोगी आहे. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात राज्यकारभारातील इंग्रजी शब्द घेऊन त्यांचे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. कोणत्या प्रांतात कोणता शब्द चालतो हे एका ओळीत दिसते. भाषांतरकाराने कोणताही कारभारी शब्द अशाच रीतीने, शेजारच्या भाषांच्या पंक्तीत ठेवून पाहावा.

तसे पाहिले म्हणजे खरी अडचण उघड होते. फारसी-अरबी शब्द सगळ्या भाषांत आहेत. परंतु अर्थ सगळीकडे एक नाही. ‘हरकत’ म्हणजे अरबीत हालचाल. हिंदी-उर्दूत ती हालचाल वाईट वर्तनाकडे झुकली. ‘ऐसी हरकत मत करो’ याचा अर्थ असले वागू नकोस. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप, इंग्रजी ‘ऑब्जेक्शन’. आपल्या ‘नाहरकत’चे हिंदीत ‘अनापत्ति’ होते. तो शब्द जसाच्या तसा ग्वाल्हेरच्या कचेरीत पाठविला तर वाचणारा गोंधळेल. ‘तक्रार’चा मूळ अर्थ पुनरावृत्ती. पुन्हा पुन्हा बोलण्यातून वाद निर्माण होतो, म्हणून हिंदी-उर्दूत तकरार म्हणजे भांडण. वादातील एका बाजूचे म्हणणे ते मराठीत गाऱ्हाणे झाले. हिंदीत त्यासाठी ‘शिकायत’ आहे. ‘दप्तर’ हे हिंदीत कार्यालय, मराठीत जुन्या कागदांचा संग्रह, म्हणजे ‘रेकॉर्ड’. आणि मुलांच्या पाठीवरची पिशवीही दप्तरच. इंदूरच्या मराठी घरातील आजी नातवाला ‘दप्तर घेऊन जा’ म्हणते तेव्हा शेजारच्या हिंदी भाषक बाईंना हे पोर इतक्या लवकर कामाला कसे लागले असा प्रश्न पडू शकतो.

येथे हसून सोडता येते. पण ‘राजीनामा’ या शब्दापाशी मला हसता आले नाही. ती हकीकत आता सांगतो.

मी नोकरीत नवा होतो. आमच्या कचेरीतील एका कर्मचाऱ्याचे त्याच्या थोरल्या भावाशी वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून भांडण होते आणि त्याचा दावा उत्तरेकडील एका गावच्या न्यायालयात चालू होता. दाव्यात त्याच्या वेतनाचा काही संबंध आल्यामुळे एक हिंदी कागद आमच्याकडे आला. त्यात लिहिले होते की उभय पक्षांनी राजीनामा पेश केला असून प्रकरण समाप्त करण्यात येत आहे. वरिष्ठांसाठी त्याचा इंग्रजी गोषवारा करण्याचे काम माझ्याकडे आले. मी मराठी मनुष्य. राजीनामा म्हणजे ‘रेझिग्नेशन’, यात मला विचार करण्यासारखे काहीच दिसले नाही. मी लिहिले की सदर कर्मचाऱ्याने राजीनामा सादर केला असून त्याचे प्रकरण बंद करण्यात आले आहे. टिप्पणी वर गेली. पुढल्या महिन्यात त्याचे वेतन निघाले नाही, त्याच्या पुढल्या महिन्यातही नाही. तो बिचारा हिशेबातील काही चूक असेल म्हणून वाट पाहत राहिला. तिसऱ्या महिन्यात तो माझ्या टेबलापाशी आला आणि त्याने शांतपणे विचारले, “साहेब, मी नोकरी सोडली असे आपणांस कोणी सांगितले?” मुलीच्या शाळेची फी भरण्यासाठी त्याला उसने पैसे घ्यावे लागले होते. चूक संपूर्णपणे माझी होती. ती दुरुस्त झाली, परंतु तो प्रश्न अजून माझ्या कानांत आहे.

त्यानंतर मी या शब्दाचा शोध घेतला. ‘राजी’ हा अरबी शब्द आहे. त्याचा अर्थ संतुष्ट, कबूल असलेला. ‘नामा’ हे फारसी. त्याचा अर्थ लेख. म्हणून राजीनामा म्हणजे संमतीचा लेख. नोकरीचा किंवा ती सोडण्याचा यात लवलेशही नाही. मराठ्यांच्या राज्यात पंचायतीपुढे वाद आला की दोन्ही पक्षांकडून आधी राजीनामा लिहून घेत असत. पंच जो निवाडा करतील तो आम्हांस मान्य आहे, असा त्याचा आशय. म्हणजे जुन्या मराठीतही राजीनामा हा दोन्ही पक्षांचा आणि संमतीचा कागद होता. उत्तरेकडील न्यायालयांनी हाच अर्थ पुढे चालविला. दोन्ही पक्ष आपसांत मिटवून घेऊन जो लेख देतात तो राजीनामा, इंग्रजीत ‘डीड ऑफ कॉम्प्रोमाइज’.

मग आपल्याकडे अर्थ कसा बदलला? माझ्या समजुतीप्रमाणे दुवा जमीन महसुलाच्या कागदांत आहे. मुंबई इलाख्यातील महसूल पद्धतीत एखाद्या कब्जेदाराला जमीन सोडावयाची असली तर तो ‘राजीनामा’ देई, म्हणजे ही जमीन मी राजीखुशीने सोडतो असा लेख. आणि जो नवा मनुष्य ती घेई तो ‘कबुलायत’ लिहून देई. या जोडीला ‘राजीनामा-कबुलायत’ असेच म्हणत. येथे संमतीच्या अर्थात ‘सोडणे’ हा अर्थ मिसळला. जमीन राजीखुशीने सोडण्याच्या लेखावरून पद राजीखुशीने सोडण्याच्या लेखापर्यंतचे अंतर अगदी थोडे आहे. पुढे नोकऱ्या वाढल्या, जमिनीचा तो अर्थ मागे पडला, आणि आज मराठी मनुष्याला राजीनामा म्हटले की केवळ नोकरी किंवा मंत्रिपद आठवते.

आता शेजाऱ्यांकडे पाहा. गुजरातीत ‘राजीनामुं’ म्हणजे पद सोडण्याचे पत्र. कन्नडातील ‘राजीनामे’ आणि तेलुगूतील ‘राजीनामा’ हेही त्याच अर्थाचे. म्हणून बडोदे, बेळगाव किंवा हैदराबाद येथील तेलुगू कागदात आपण सहसा फसणार नाही. परंतु हिंदी आणि उर्दू कागदात पद सोडण्यास ‘इस्तीफा’ किंवा ‘त्यागपत्र’ म्हणतात, आणि राजीनामा आला की तो बहुधा समेटाचा असतो. हैदराबादेत एकाच टेबलावर तेलुगू आणि उर्दू असे दोन कागद येऊ शकतात आणि त्यांत एकच शब्द दोन उलट कामे करीत असतो.

मी त्या दिवशी सावध असतो तर चूक कागदातच दिसली असती. ‘उभय पक्षांनी’ असे तेथे स्पष्ट होते. नोकरीचा राजीनामा एकच मनुष्य देतो, दोन पक्ष देत नाहीत. शिवाय तो नियुक्ती करणाऱ्याकडे दिला जातो, न्यायालयात ‘पेश’ होत नाही. आणि राजीनाम्यास तो मंजूर झाल्याची तारीख लागते; येथे तशी तारीख नव्हती. शब्द ओळखीचा वाटला म्हणून मी वाक्य वाचलेच नाही.

यावरून माझी एक सवय पडली, ती आपणांपुढे ठेवून संपवितो. परभाषेतील कागदात असा शब्द आला की मी तीन गोष्टी पाहतो. कोण देतो, कोणाला देतो, आणि दिल्यानंतर काय घडते. या तिन्हींची उत्तरे इंग्रजी प्रतिशब्दाशी जुळली तरच तो लिहितो. एखादे उत्तर अडले तर शब्द तसाच ठेवून पुढे त्याचे वर्णन लिहितो, उदाहरणार्थ, ‘राजीनामा, म्हणजे उभय पक्षांच्या संमतीचा लेख’. याने टिप्पणी एका ओळीने लांबते, परंतु कोणाचे वेतन अडत नाही.

त्या कर्मचाऱ्याने मला पुढे क्षमा केली. निवृत्तीच्या दिवशी तो निरोप घेण्यास आला तेव्हा हसत म्हणाला, “साहेब, आता मी खरोखरच चाललो. कागदावर काय लिहायचे ते मात्र नीट लिहा.” मी त्याला तसे वचन दिले, आणि आजचे व्याख्यान हा त्या वचनाचाच एक भाग आहे.